वेटिंग रूममधून चार ओळी

गेल्या वर्षी अब्बांची अँजिओग्राफी झाली. बाहेर बसून मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'नव्वद टक्के ब्लॉकेज.' दहा मिनिटांत खाला रत्नागिरीहून निघायच्या तयारीला लागल्या, दुबईतला भाऊ तिकीट शोधू लागला. खरं तर एकच रक्तवाहिनी एका जागी तेवढी अरुंद झाली होती. हृदय नव्वद टक्के बंद नव्हतं. मी मेसेज एडिट केला, पण पुढे फॉरवर्ड झालेला तसाच फिरत राहिला. म्हणून नवा लिहिला:

'दुरुस्ती, सकाळी ११:४०. डॉक्टर म्हणाले, एका रक्तवाहिनीत अडथळा आहे, आता स्टेंट बसवणार. अब्बा शुद्धीवर आहेत, बोलतायत. पुढचा मेसेज १ वाजता. तोवर मला फोन नको, आतून बोलावणं आलं तर चुकेल.'

वेळ लिहायचीच, कारण कुणी तो संध्याकाळी वाचतं. आणि 'डॉक्टर म्हणाले' नि 'मला वाटतं' यांची मिसळ नको. एक वाजता काहीच कळलं नव्हतं, तरी लिहिलं: 'अजून आतच आहेत, नवीन काही नाही. पुढचा २ वाजता.' तेवढ्याने फोन थांबले. अम्मीला मात्र मेसेज नाही. तिला शेजारी बसून सांगितलं.