वाफेचें परतीचें पाणी

१८ जुलै २००७ ची संध्याकाळ. न्यूयॉर्क शहरांत लेक्झिंग्टन ॲव्हेन्यू व एकेचाळिसावा रस्ता जेथें मिळतात, तेथें कचेऱ्या सुटून माणसांची गर्दी झाली होती. सहा वाजावयास थोडा अवकाश असतांना जमिनीखालून एकाएकीं प्रचंड स्फोट झाला आणि वाफ, चिखल व दगडमाती उंच इमारतींच्या बरोबरीनें आकाशांत उडाली. एका व्यक्तीचा अंत झाला, अनेक जखमी झाले. रस्त्याखालून १९२४ सालीं घातलेली दोन फूट व्यासाची वाफेची नळी फुटली होती.

नळी जुनी होती म्हणून फुटली, असा तर्क प्रथम कोणाच्याहि मनांत यावा. चौकशींत निघालेलें कारण मात्र वेगळें होतें. त्या दिवशीं सकाळीं मुसळधार पाऊस पडून थंड पाणी नळीभोंवतीं सांचलें होतें. त्यामुळें आंतील वाफ भराभर निवून तिचें पाणी होऊं लागलें. हें पाणी बाहेर काढण्यासाठीं नळीस जे ट्रॅप बसविलेले होते, ते पूर्वीं गळती बुजविण्याकरितां वापरलेल्या लुकणाच्या तुकड्यांनीं तुंबले होते. पाणी आंतच सांठत गेलें. अशा पाण्यावरून वाफ वाहूं लागली म्हणजे पाण्याच्या लाटा उठतात, दोन लाटांमध्यें वाफेचा एखादा कप्पा कोंडला जातो आणि थंड पाण्याच्या स्पर्शानें ती वाफ क्षणांत निवते. वाफेची जागा शेंकडों पटींनीं आकुंचन पावते, आणि मोकळ्या झालेल्या पोकळींत पाणी दोन्ही बाजूंनीं धांवून येऊन आदळतें. यालाच कारागीर पाण्याचा हातोडा म्हणतात. त्याच्या घावापुढें जाड पोलादहि टिकत नाहीं.

असेंच जाळें, परंतु लहान प्रमाणावर, थंड देशांतील कित्येक विद्यापीठांच्या आवारांखालीं पसरलेलें असतें. एका बाजूस बॉयलरघर, तेथून निघालेली वाफेची मुख्य नळी, आणि तिच्या फांद्या वसतिगृहांकडे, प्रयोगशाळांकडे व ग्रंथालयाकडे गेलेल्या. वाफ आपली उष्णता देते आणि पाणी होते. तें पाणी बॉयलरघरीं परत आणावयाचें असतें, कारण तें शुद्ध केलेलें असतें आणि अद्यापि चांगलें ऊनहि असतें. या व्यवस्थेंत दोन गोष्टी नीट निवडाव्या लागतात. एक, पाणी जाऊं देऊन वाफ अडविणारा ट्रॅप. आणि दुसरी, परतीची नळी. या दोहोंविषयीं होणारी चूक बहुधा एकाच गैरसमजांतून जन्मते: ट्रॅपमधून पाणी निघतें, तेव्हां पुढील नळी पाण्याचीच, असा तो गैरसमज होय.

एक उदाहरण घेतल्यानें हें स्पष्ट होईल. समजा, अशा एका आवारांतील वसतिगृहाच्या तळघरांत पाणी तापविण्याचें यंत्र आहे. त्यास ३ बार दाबाची वाफ मिळते, म्हणजे वातावरणाच्या दाबाहून सुमारें तिप्पट अधिक. थंडीच्या ऐन कडाक्यांत तें यंत्र तासाला ५०० किलो वाफ घेतें. तेव्हां ट्रॅपमधून तासाला ५०० किलो पाणी निघावयास पाहिजे. आतां हें पाण्याचेंच काम समजून हिशेब केला, तर तासाला अर्धा घनमीटर पाणी सावकाश जाण्यास १५ मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या इंचाची नळी पुरेशी दिसते. हिशेब बरोबर आहे. पण तो चुकीच्या वस्तूचा आहे.

३ बार दाबाखालीं हें पाणी सुमारें १४४ अंश सेंटिग्रेड उष्ण असतें. ट्रॅपच्या भोंकांतून बाहेर पडतांच त्यावरील दाब नाहींसा होतो. वातावरणाच्या दाबाखालीं पाणी १०० अंशांहून उष्ण राहूं शकत नाहीं. मग जास्तीच्या उष्णतेनें काय करावें? ती पाण्याचाच कांहीं भाग उकळून त्याची पुनः वाफ करते. किती, हें काढणें सोपें आहे. ३ बार दाबाखालीं एक किलो पाण्यांत ६०५ किलोजूल उष्णता असते, मोकळ्या दाबाखालीं ४१९ राहूं शकते. उरलेले १८६ किलोजूल वाफ करण्यास खर्ची पडतात, आणि एक किलो वाफ होण्यास २२५७ लागतात. भागाकार केल्यास शेंकडा सुमारें ८ येतात. म्हणजे ५०० किलोंपैकीं ४१ किलोंची वाफ झाली.

वजनानें हा भाग लहान आहे. जागेनें तो अवाढव्य आहे. ही ४१ किलो वाफ सुमारें ६९ घनमीटर जागा व्यापते, आणि उरलेलें ४५९ किलो पाणी अर्ध्या घनमीटरांतहि मावतें. परतीच्या नळींतून जें जातें, त्याच्या शंभर भागांतील नव्याण्णवांहून अधिक भाग वाफेचे असतात! अर्ध्या इंचाच्या नळींतून एवढी वाफ नेऊं म्हटलें, तर तिला सेकंदाला १०० मीटरांहून अधिक वेगानें धांवावें लागेल. प्रत्यक्षांत ती तशी धांवत नाहीं. नळींत उलट दाब चढतो आणि पाणी यंत्राकडे तुंबूं लागतें. वाफ व पाणी एकत्र नेतांना वेग सेकंदाला १५ मीटरांच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबानें नळीचा व्यास ४० मिलिमीटर येतो. परंतु हा अगदीं काठावरचा आंकडा आहे, म्हणून ५० मिलिमीटरची, म्हणजे दोन इंची नळी घालावी. अर्ध्या इंचाच्या जागीं दोन इंच, एवढें अंतर त्या एका गैरसमजानें पडतें.

आतां ट्रॅपकडे वळावें. ट्रॅप अनेक प्रकारचे असतात, पण या ठिकाणीं निवड कठीण नाहीं. पाणी तापविण्याच्या यंत्रांतून पाणी सतत व कमीजास्त प्रमाणांत निघतें, आणि सुरुवातीला आंतली हवाहि बाहेर काढावी लागते. म्हणून तेथें तरंगत्या गोळ्याचा ट्रॅप घेतात. पाणी चढलें म्हणजे गोळा वर येतो व भोंक उघडतो. पाणी उतरलें म्हणजे तें मिटतें. हवेसाठीं त्यांत वेगळी झडप असते. हा ट्रॅप पाण्याच्या हातोड्यानें लवकर मोडतो, हा त्याचा दोष. यास्तव आवारांतील मुख्य नळीवर, जेथें हातोड्याचें भय अधिक, तेथें उलट्या बादलीचा किंवा तबकडीचा दणकट ट्रॅप पसंत करतात.

मोठा ट्रॅप घेतला म्हणजे निर्धास्त झालों, असेंहि कोणी समजूं नये. गोळ्याची उचलण्याची शक्ति ठराविक असते. भोंक जितकें मोठें, तितका वाफेचा दाब झडपेला अधिक जोरानें मिटवून धरतो. नेमलेल्या दाबाहून अधिक दाबावर बसविलेला ट्रॅप पाण्यानें भरून गेला तरी उघडत नाहीं. उलट पक्षीं, भोंक केवळ ३ बार दाबाचा विचार करून निवडलें तरी फसगत होते. वसतिगृहांतील पाणी तापत आलें म्हणजे वाफेचा नियंत्रक व्हॉल्व्ह मिटत जातो आणि यंत्रांतील दाब उतरतां उतरतां शून्यावर येतो. पाणी ढकलणाराच नाहींसा झाला! यंत्राच्या तोंडाखालीं अर्धा मीटर अंतरावर ट्रॅप असेल, तर त्या उंचीचें पाणी काय तें ०.०५ बार जोर देतें. ट्रॅप या अल्प जोरावरहि काम करील असा निवडावा लागतो. म्हणून दाब असा कमीजास्त होणाऱ्या यंत्रांसाठीं गणिताच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा ट्रॅप घेण्याची चाल आहे.

परंतु परतीची नळी छताशीं नेलेली असेल, तर कोणताहि ट्रॅप उपयोगी पडत नाहीं. पाणी ५ मीटर चढवावयास सुमारें अर्धा बार दाब लागतो. यंत्रांतील दाब त्याखालीं उतरला कीं पाणी जागच्याजागीं थांबतें. मग यंत्रांत खडखडाट ऐकूं येतो, तोट्यांतील पाणी कधीं कढत तर कधीं कोमट येऊं लागतें. रहिवासी बॉयलरघराकडे तक्रार नेतात. दोष मात्र तळघरांतील छताकडे गेलेल्या नळींत असतो.

यावरील उपाय जुना व साधा आहे. ट्रॅपमधील पाणी उतारानें खालीं एका टांकींत पडूं द्यावें. टांकीला वर मोकळी वाट ठेवावी. तींतून ती ४१ किलो वाफ निघून जाते, किंवा शक्य असल्यास दुसऱ्या कामीं लावतां येते. खालीं राहिलेलें पाणी पंपानें बॉयलरघराकडे पाठवावें. टांकीच्या अलीकडील नळी दोन इंची. पलीकडे मात्र केवळ पाणीच राहतें. पंप थांबून थांबून चालतो म्हणून तिप्पट प्रवाह, तासाला १.५ घनमीटर, धरला तरी २५ मिलिमीटरची नळी पुरते. एकाच पाण्याची वाट टांकीपूर्वीं रुंद व टांकीनंतर अरुंद, हें पाहून नवख्यास नवल वाटतें. पण आंत काय वाहतें हें ज्यानें ओळखलें, त्यास वाटत नाहीं. आणि पंपानें ढकललेल्या या पाण्याच्या नळींत मुख्य वाफनळीवरील ट्रॅप केव्हांहि जोडूं नयेत. त्यांतील अतिउष्ण पाणी थंड पाण्यांत शिरतांच वाफेचे बुडबुडे होऊन चिरडले जातात, आणि भुयारांतून तोच हातोडा वाजूं लागतो.

एवढें सर्व केल्यावरहि ट्रॅप कायमचा टिकत नाहीं. तो दोन तऱ्हांनीं बिघडतो. उघडा राहिला तर चांगली वाफ परतीच्या नळींत शिरते, तिचा दाब चढविते, आणि शेजारचे धडधाकट ट्रॅपहि निकामी ठरतात. मिटून राहिला तर पाणी सांचतें. मिटलेला ट्रॅप ओळखणें सोपें आहे; तो थंड पडतो. उघड्या ट्रॅपच्या बाबतींत मात्र थर्मामीटर फसवितो. त्याच्या पुढील नळींत चांगल्या ट्रॅपनंतरहि वाफ-पाण्याचें मिश्रण असतें, उघड्या ट्रॅपनंतरहि असतें, आणि दोन्हीं ठिकाणीं उष्णता सुमारें १०० अंशच भरते. म्हणून तेथें कानांवर विसंबावें लागतें. माणसाच्या कानाला न ऐकूं येणारा सूक्ष्म नाद टिपणारें यंत्र ट्रॅपला लावतात. बादलीचा व तबकडीचा ट्रॅप थांबून थांबून वाजतो, गोळ्याचा मंद व सतत वाहतो. वाफ सुटलेला ट्रॅप अखंड सूं सूं करीत राहतो.

त्या पावसाळी दिवशीं न्यूयॉर्कच्या रस्त्याखालील ट्रॅप मात्र मुके झाले होते. वाफेच्या जाळ्यांत जो ट्रॅप थंड पडला व गप्प बसला, त्याच्याकडे आधीं धांवावें.