तिला रविवार माहीत नाही

आज पदवी घेणाऱ्या संगीत विभागाच्या मुलामुलींनो,

मी गाणी लिहितो, त्यामुळे बोलणारही गाण्याबद्दलच. तुमच्यापैकी बरेच जण पुढे स्वतःची गाणी बांधाल आणि त्यातलं एक हमखास असं असेल: मोठ्या परीक्षेच्या आधीच्या एखाद्या रात्री बसलेल्या आपल्यालाच, काही वर्षांनी, 'तू' म्हणून गायलेलं. पुण्यात ते सुचणं साहजिकच आहे. शास्त्री रस्त्यावरून रात्री अकरा वाजता गेलात तर अभ्यासिकांमधले दिवे चालू असतात. तिथला मुलगा किंवा मुलगी उद्या या गाण्यातली 'तू' होणार आहे.

स्वतःला 'तू' म्हणणं आपल्याकडे नवं नाही. रामदासांनी मनाच्या श्लोकांत, म्हणजे २०५ श्लोकांत, मनालाच समोर बसवून सांगितलं. त्याचं वृत्त भुजंगप्रयात. एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा, बारा अक्षरांची ओळ. नेमकी इथेच पंचाईत होते. त्या चालीत तीनशे-साडेतीनशे वर्षं आपण उपदेश ऐकत आलो आहोत. त्यामुळे तिच्यात तुम्ही 'घाबरू नकोस' एवढं जरी म्हटलंत, तरी ऐकणाऱ्याला शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत उभं केल्यासारखं वाटतं. म्हणून मी अभंगाचा छंद घेईन. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. शेवटचा चरण आखूड असल्यामुळे बोलणाऱ्याला आपोआप थांबावं लागतं, आणि या गाण्याला थांबण्याची गरज फार आहे.

आता प्रसंग घेऊ. ऑगस्ट २०२४. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा २५ तारखेला, रविवारी. त्याच दिवशी बँकेच्या लिपिक भरतीची, आयबीपीएसची परीक्षाही होती, आणि कृषी विभागाची २५८ पदं याच परीक्षेत घ्यावीत अशीही मागणी होती. २० तारखेच्या रात्री मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली. २२ तारखेला आयोगाने परीक्षा पुढे ढकलली आणि ती झाली १ डिसेंबरला. आपल्या गाण्यातली 'तू' मात्र त्या सगळ्याच्या आधीची आहे. १९ ऑगस्टची रात्र धरा. तिला रविवार नक्की वाटतो आहे.

पहिला खर्डा असा:

मोजतोस पाने, उशाला घड्याळ,
तुटेना जंजाळ, आकड्यांचे.

छंद बसला. पण 'मोजतोस' म्हणताच गाणं मुलाचं झालं. मुलगी गाणार असेल तर 'मोजतेस' करा, अक्षरं तेवढीच राहतात, चालीला धक्का लागत नाही. पण गाणं दोघांचं हवं असेल तर? पटकन हाताशी येते ती आज्ञार्थी क्रियापदं, कारण त्यांना लिंग नसतं: 'मोजू नको पाने'. हीसुद्धा सहाच अक्षरं. पण तो पुन्हा उपदेशच, रामदासांची छडी दारामागून निघाली. मी तिसरी वाट धरतो, क्रियापदच काढतो:

उरलेली पाने, उशाला घड्याळ,
तुटेना जंजाळ, आकड्यांचे.

आता कुणीही गावं. आणखी एक सोय मराठीत आहे, ती गीतकारांनी वापरून वापरून गुळगुळीत केली असती तरी चाललं असतं, पण फारसं कुणाचं लक्ष नसतं. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्त्याकडे न बघता कर्माकडे बघतं. 'तू गेलास', 'तू गेलीस' हे वेगळं, पण 'तू शर्ट धुतलास' हे मुलाला आणि मुलीला एकच. म्हणून दुसरं कडवं:

रविवारसाठी, शर्ट धुतलास,
ओलसर वास, खोलीभर.

पुण्यात ऑगस्टमध्ये कॉटबेसिसच्या खोलीत, दोरी खिडकीच्या गजाला बांधून, कपडे वाळत घालणाऱ्यांना हा वास वेगळा समजावून सांगायला नको.

या कडव्यात मी काय लिहिलेलं नाही तेही बघा. रविवारी पेपर होणार नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे, ऐकणाऱ्याला आठवतं आहे, फक्त 'तू'ला माहीत नाही. तो शर्ट रविवारी लागणार नाही. हे गाण्यात सांगितलं की गाणं संपलं. 'वेडे, तारीख पुढे जाणार आहे, झोप' अशी ओळ मला सुचली होती आणि मैफलीत तिला टाळ्याही पडतील. पण तेवढ्याने 'तू' बिचारी मूर्ख ठरते आणि गाणारा शहाणा. निकालाचंही तसंच. 'तू पास होशील' म्हटलंत की हॉलमधल्या बहुतेक लोकांना तुम्ही बाहेर काढलंत, कारण काही शे पदांसाठी लाखांनी अर्ज येतात आणि ऐकणाऱ्यांत नापास झालेलेच जास्त असतात. 'नापास झालास तरी काय झालं' हे त्याहून वाईट, ते म्हणायला गाणाऱ्याचं काहीतरी भलं झालेलं असावं लागतं. त्या रात्री खोलीत जे दिसत होतं, वासाला येत होतं, तेवढंच गाण्यात ठेवा. लिहिणाऱ्याला पुढचं ठाऊक आहे ही गोष्ट, कुठला तपशील निवडला यातून कळली तर कळली. माझ्या मते 'मी' हा शब्दही नको. तो आला की आत्मचरित्र सुरू होतं.

गाणाऱ्यांसाठी एक अडचण सांगतो. छंद मोजताना आपण प्रत्येक अक्षर मोजतो, पण बोलताना शेवटचा 'अ' गिळतो. 'धुतलास' कागदावर चार अक्षरांचा, तोंडात मात्र 'धुत्-लास्'. जुन्या अभंगांत गायक तो 'अ' उघडा करतो आणि कानाला ते चालतं. 'शर्ट'चं तसं केलंत तर 'शरट' होतं आणि लोक हसतात. तिथे 'श' दोन मात्रा धरा आणि 'र्ट' नुसता टेकवा. 'आकड्यांचे' एकारान्त आहे, त्यावर हवं तेवढं रेंगाळा. 'खोलीभर'ला मात्र 'भ'वरच लांबवायला हवं, 'र' बंद करतो आणि श्वास सुटतो. भजनी ठेक्यात त्यानंतर जी जागा उरते ती पेटीवाल्याला भरावीशी वाटेल. त्याला आधीच सांगून ठेवा. ती मोकळी राहू द्या, कारण 'तू' उत्तर देणार नाही हे ऐकणाऱ्याला तिथेच जाणवतं.

गाणं जमलं की नाही हे कसं ओळखायचं? परीक्षेचा निकाल लागून गेलेल्यांना ऐकवू नका, ते सगळ्यालाच डोळे पुसतात. ज्याची परीक्षा महिन्याभरावर आहे अशा एखाद्याला ऐकवा. ज्या ओळीला तो 'हो, हो' म्हणून मान डोलावतो ती बहुधा सल्ला असते, ती तपासा. ज्या ओळीला तो विचारतो, 'तुम्हीपण खिडकीला दोरी बांधायचात?' ती ठेवा. आणि आदल्या रात्री ऐकवायला जाऊ नका. तेव्हा तो राज्यघटनेची परिशिष्टं पाठ करत असतो, दार उघडणार नाही.

तिसरं कडवं मी मुद्दाम लिहिलेलं नाही, ते तुमच्यासाठी. पदव्या द्यायच्या आहेत, नावं वाचायला घ्यावीत.