तुटलेल्या तारेतील भूत



साताऱ्याच्या जुन्या पेठांतून दुमजली वाडे अजून बरेच आहेत. त्यांच्या जिन्यावरचा दिवा खालच्या बटणाने लावावा आणि वरच्या बटणाने मालवावा, अशी सोय असते. अशा जिन्यात अलीकडे लोक एल.ई.डी. दिवा बसवतात, आणि मग रात्री पाहतात तो काय, बटण बंद केले तरी दिवा काजव्यासारखा मिणमिणतो आहे! वायरमन येतो, दिवा काढतो, होल्डरच्या दोन टोकांना आपला नवा आकडी मल्टिमीटर लावतो. मीटर म्हणतो, ११० व्होल्ट. बटण बंद, तार कशालाही जोडलेली नाही, आणि हा आकडा! मग कोणी म्हणतो भिंतीत करंट उतरला आहे, कोणी पाइप फोडायला निघतो.

हा आकडा येतो कोठून, हे आधी पाहू. जिन्याच्या दोन बटणांमध्ये दोन तारा धावतात. दिवा बंद असतो तेव्हा त्यांपैकी एक फेजला जोडलेली असते आणि दुसरी दिव्याला. ही दुसरी तार फेजपासून तुटलेली खरी. पण तिच्या अंगाला अंग लावून, त्याच पाइपातून, जिवंत तार जाते. दोन धातू आणि मध्ये रबराचे किंवा प्लॅस्टिकचे वेष्टन, एवढे जमले की कंडेन्सर तयार झाला. पंख्यात बसवतात तोच पदार्थ, फक्त फार लहान आणि कोणी न बसवता बसलेला. आपल्या घरातला विद्युत्प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, आणि उलटसुलट होणारा दाब कंडेन्सरातून थोडाथोडा पलीकडे पोचतो. त्याच पाइपात न्यूट्रलची तारही असेल, तर आमची तुटलेली तार दोघींच्या मध्ये लोंबकळते. एकीचा दाब २३० व्होल्ट, दुसरीचा शून्य, म्हणून मधलीवर सुमारे ११५. न्यूट्रल दूर असेल तर हाच आकडा दीडशे-दोनशेपर्यंतही चढतो. घराघरांतून निरनिराळे आकडे दिसतात त्याचे कारण हे.

आता या दाबाची ताकद किती? माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. रात्रभर बारीक पाझर लागला की सकाळी विहीर काठोकाठ दिसते. मोटार चालू केली की पाच मिनिटांत तळ. काठी बुडवून पाण्याची उंची कळते, झरा किती आहे हे कळत नाही. व्होल्ट म्हणजे उंची; झरा ही वेगळी गोष्ट.

आमच्या जिन्यात तारा दहा मीटर शेजारून गेल्या आहेत असे धरा. अशा दोन तारांमधला कंडेन्सर साधारण ५०० पिकोफॅरडचा होतो. दोन्ही बाजूंचा हिशेब एकत्र केला, तर त्या ११५ व्होल्टांच्या वाटेत ५० आवर्तनांना सुमारे ३२ लाख ओहमचा अडसर उभा आहे. तारेतून जास्तीत जास्त प्रवाह निघेल तो अँपिअरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले ३६ भाग. माणसाला नुसती झिणझिण जाणवायला याच्या दहापटीहून अधिक प्रवाह लागतो. एल.ई.डी. मात्र एवढ्यावर मिणमिणू शकतो, आणि टेस्टरमधला निऑनही. म्हणून या कामी टेस्टरची साक्ष ग्राह्य धरू नये.

आकडी मीटरचा आतला रोध एक कोटी ओहमचा असतो. तो झऱ्यातून जवळजवळ काहीच उपसत नाही. म्हणून त्याला जवळजवळ सगळी उंची, ११० व्होल्ट, दिसते. (कंडेन्सरचा अडसर आणि रोध यांची बेरीज सरळ होत नाही, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखी होते, म्हणून घट इतकी थोडी.) पूर्वीच्या काट्याच्या मीटरांपैकी पुष्कळांचा रोध अशा दाबासाठी व्होल्टमागे हजार ओहम असे, ३०० व्होल्टांच्या पट्ट्यावर तीन लाख. तो मीटर याच तारेवर दहा-अकरा व्होल्ट दाखवील. जुन्या वायरमनांना हे भूत फारसे भेटले नाही ते यामुळे. नवा मीटर खोटे बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा असतो.

पुरा प्रश्न विचारायचा तर विहीर उपसून पाहावी लागते. तारेचा, जुन्या पद्धतीचा १५ वॅटचा दिवा घ्यावा. प्रथम तो खात्रीच्या जिवंत जागी लावून पेटतो हे पाहावे, मग संशयित तार आणि न्यूट्रल यांमध्ये लावावा, आणि मीटर तसाच जोडलेला ठेवावा. दिवा थंड असताना त्याचा रोध तीनशे ओहमच्या आसपास असतो. भूत असेल तर ११० चा आकडा कोसळून व्होल्टच्या शतांशावर येतो. नंतर दिवा पुन्हा जिवंत जागी पेटवून पाहावा, कारण मध्येच तो गेला असेल तर अंधाराला अर्थ उरत नाही. काही मीटरांवर `LoZ` अशी खूण असते. तेथे रोध मुद्दाम काही हजार ओहम ठेवलेला असतो आणि काम तेच होते.

येथे एक बारकावा आहे, तो सोडू नये. पावसाळ्यात भिंत ओली होऊन फेजची तार पन्नास हजार ओहमांतून झिरपू लागली, तर प्रवाह साडेचार मिलिअँपिअरचा निघतो. माणसाला तो झटका देतो; दिवा मात्र त्यावर पेटत नाही! म्हणून नुसता दिव्याकडे पाहू नये, मीटरकडेही पाहावे. व्होल्टचा शतांश राहिला तर भूत. एक-दीड व्होल्ट राहिला तर गळती, आणि मग मेन बंद करून मेगर लावणे आले.

आता कृष्णाकाठी सांगलीकडे चला. उसाच्या शेतांना पाणी देणारे थ्री फेज पंप एकाच ट्रान्स्फॉर्मरवर ओळीने आहेत. एका फेजचा फ्यूज गेला. कोणी त्या ‘मेलेल्या’ तारेवर मीटर लावतो: ११५ व्होल्ट. वाड्यातलाच आकडा! पण कारण अगदी निराळे. स्टार्टर बंद न केलेल्या, थांबलेल्या मोटारीच्या गुंडाळ्या उरलेल्या दोन फेजांमध्ये जोडलेल्या आहेत, आणि तिसरे टोक त्यांच्या मधोमध येते. दोन फेजांच्या मध्यबिंदूचा दाब न्यूट्रलच्या मानाने २३० च्या निम्मा, म्हणजे ११५ च भरतो. मोटार फिरत असेल तर तो आणखी चढतो. या झऱ्याच्या वाटेत लाखो ओहम नाहीत, काही ओहमांची तांब्याची गुंडाळी आहे. दिवा लावा, तांबूस का होईना पेटेल, आणि मीटरचा काटा अगर आकडा फारसा हलणार नाही. या तारेला ‘भूत’ समजून हात लावणारा माणूस उठणार नाही. येथे एकाऐवजी दोन दिवे एकापुढे एक जोडून वापरावेत. चुकून दोन फेजांत लागले तर ४०० व्होल्टांनी एकटा दिवा फुटतो.

आणि कोयनेहून निघालेल्या उच्च दाबाच्या वाहिन्यांशेजारून मैलोगणती जाणारी, दोन्ही टोकांनी सोडवलेली तार असेल, तर तेथे ‘भूत’ हा शब्दच चालत नाही. तत्त्व जिन्यातलेच, पण दाब हजारांत, लांबी मैलांत, म्हणून पाझराचा ओढा होतो. जिवंत वाहिनीतल्या प्रवाहाच्या चुंबकक्षेत्राने चढणारा दाब त्यात आणखी मिळतो. तेथे दिव्याने परीक्षा करायची नसते. तारमास्तर आधी वाहिनी बंद झाल्याची खात्री करतो, मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना लांब काठीने अर्थिंगचे साखळदंड अडकवतो, पहिल्याने जमिनीकडचे टोक आणि मागाहून तारेकडचे. आणि खाली उतरल्यावर काढतो ते याच्या उलट क्रमाने.