उधाण आणि भांग

श्रोतेहो, अलिबागचा कुलाबा किल्ला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ओहोटीला तिथे पुळणीवरून चालत जाता येते आणि भरतीला किल्ल्याचे बेट होते. पण ओहोटी दर वेळी सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी दूरवर हटते, तर अष्टमीच्या आसपास ते अर्धवट मागे सरते आणि पुन्हा वर येऊ लागते. पहिल्या प्रकाराला कोकणात उधाण म्हणतात, दुसऱ्याला भांग. हा फरक का पडतो, एवढेच आज पाहू.

चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते, हे आपण शाळेत शिकलो. मग चंद्राच्या विरुद्ध बाजूलाही त्याच वेळी भरती का असते? भरतीचे कारण ओढ हे नसून ओढीतला फरक हे आहे, आणि याचे उत्तर त्यातच आहे. पृथ्वीची चंद्राकडची बाजू त्याला जवळ, पलीकडची दूर. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर आणि चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर. त्यामुळे दोन बाजूंवरच्या ओढीत साधारण सात टक्के फरक पडतो. जवळचे पाणी पृथ्वीपेक्षा थोडे पुढे ओढले जाते, पलीकडचे थोडे मागे राहते. दोन्हीकडे फुगवटा येतो आणि मधल्या पट्ट्यात ओहोटी लागते. चंद्र पाणी सरळ वर उचलत नाही. तेवढे बळ त्याच्यात नाही. आडव्या दिशेने तो ते सरकवतो, आणि समुद्रभर सरकून ते एकीकडे साचते.

आता सूर्य. त्याची पृथ्वीवरची एकूण ओढ चंद्राच्या सुमारे १८० पट आहे. मग भरती सूर्याच्या तालावर का चालत नाही? साधा हिशेब करू. चंद्राची ओढ १०० धरली, तर दोन बाजूंमधला फरक ७. सूर्याची ओढ १८,००० होईल. पण सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, तिथून पृथ्वीच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच अंतरावर. त्याच्या ओढीत फरक पडतो फक्त सहा हजारांत एक. म्हणजे १८,०००चा सहा हजारावा भाग, ३. चंद्राचे सात, सूर्याचे तीन. न्यूटनने १६८७मध्ये हे कोडे गुरुत्वाकर्षणाने उलगडले, ते याच वाटेने.

अमावास्येला सूर्य आणि चंद्र एकाच दिशेला असतात, पौर्णिमेला समोरासमोर. फुगवटे दोन्ही बाजूंना असल्यामुळे दोन्ही वेळी ते एकावर एक येतात: सात अधिक तीन, दहा. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात. चंद्र जिथे भरती आणतो, नेमकी तिथेच सूर्य ओहोटी आणू पाहतो: सात वजा तीन, चार. हा भांग. भांगाला पाणी कमी चढते आणि उतरतेही कमी, ही गोष्ट बरेच जण विसरतात.

मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीतले अंतर सरासरी साडेतीन मीटरहून थोडे अधिक, भांगाला दीड मीटरच्या आत. दहाला चार, हेच प्रमाण! मात्र मोजमाप सगळीकडे इतके जुळेल असे समजू नका. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली हिशेब बदलतात. खंबातच्या आखाताच्या नरसाळ्यात शिरलेले तेच पाणी भावनगरला मुंबईच्या दुपटीहून अधिक चढते. शिवाय पाण्याला सरकायला वेळ लागतो, म्हणून सर्वांत मोठे उधाण पौर्णिमेला न येता बहुधा एक-दोन दिवसांनी येते.

आपल्या कोळीवाड्यांत भरतीच्या वेळेसाठी एक सुंदर आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. तो इतका चालतो, कारण तिथी म्हणजेच सूर्य-चंद्रांमधला कोन, दर तिथीला बारा अंश. चंद्र रोज पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी लांबते. आडाख्यात ती पंचेचाळीस धरली आहेत.

यातूनच एक गोष्ट निघते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, तर खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. भांगाची ओहोटी मात्र भर दुपारी येते, आणि तेव्हा मुंबईला उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर पाणी जास्त असते. तेव्हा कुलाबा किल्ल्यावर जायचे ठरवाल, तर आधी तिथी पाहा, पाऊणपट करा, ओहोटीच्या वेळेसाठी त्यात सहा तास मिळवा, आणि निघण्यापूर्वी तिथल्या कोळी बांधवांना वेळ विचारून घ्या.