टंचाईचा दर घड्याळाने ठरवा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



टँकर म्हणजे काय, सोसायटीला तो कशासाठी लागतो आणि नळाला पाणी असताना का लागतो, हे या सभागृहात सांगायला नको. वाघोली, उंड्री, पिसोळी भागातून आलेल्यांनी जरा हात वर करा. (बरेच हात वर. हशा.) बघा, प्रस्तावना वाचली. मी सरळ बेंगळुरूला जातो.

2023 चा पाऊस तिकडे कमी झाला आणि 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये शहर कोरडं पडलं. शहरातल्या सुमारे 14 हजार बोअरपैकी 6,900 आटल्याचं सरकारनेच सांगितलं. टँकरचे भाव भडकले, आरडाओरड झाली आणि मार्चमध्ये जिल्हा प्रशासनाने दर बांधून दिले. 12 हजार लिटरचा टँकर 5 किलोमीटरच्या आत 1,000 रुपये, 5 ते 10 किलोमीटरला 1,200. 6 हजार लिटरला 600 आणि 750. टँकरमालकांनी विरोध केला, रहिवाशांना दिलासा वाटला. मी मात्र त्या तक्त्याकडे बघत बसलो, कारण त्यात टाकीचं माप होतं, अंतर होतं, पण वेळ कुठेच नव्हता. आज मला एवढंच सांगायचं आहे, की टंचाईत टँकरची खेप महागते ती मुख्यतः वेळेमुळे. तो वेळ मोजता येतो, आणि दर त्यावरच ठरला पाहिजे.

हिशेब करू. आकडे मी सोयीसाठी गोल धरलेत. तुमच्या पुरवठादाराचे खरे आकडे घालून हाच हिशेब घरी करता येईल. 10 हजार लिटरचा टँकर घ्या. गाडीचा हप्ता, विमा, ड्रायव्हर, क्लीनर, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे पैसे, असा दिवसाचा ठरलेला खर्च 4,200 रुपये धरा. गाडी हलली नाही तरी तो होतोच. कामाचे 10 तास, म्हणजे 600 मिनिटं. भागाकार केला की मिनिटाला 7 रुपये. डिझेल आणि टायर मिळून किलोमीटरला 30 रुपये. एवढे दोनच आकडे लक्षात ठेवा, सात आणि तीस.

आता हिवाळ्यातली खेप बघू. विहीर सोसायटीपासून 5 किलोमीटरवर आहे. भरायला अर्धा तास, भरलेली गाडी घेऊन जायला 20 मिनिटं, रिकामी परत यायला 15, जमिनीखालच्या टाकीत पाणी सोडायला 25, गेटवरची नोंद आणि पावती 10. एकूण 100 मिनिटं, म्हणजे दिवसाला 6 खेपा. वेळेचे 700, दहा किलोमीटरचे 300, विहीरमालकाला पाण्याचे 150. खेपेचा खर्च 1,150.

एप्रिल उजाडतो. विहीर तीच, रस्ता तोच, सोसायटी तीच. पण बोअरचं पाणी खाली गेलेलं असतं आणि पुढे गाड्यांची रांग असते. भरायला अर्ध्या तासाऐवजी 130 मिनिटं लागतात. खेप 200 मिनिटांची होते, दिवसाला तीनच बसतात. वेळेचे 1,400, किलोमीटरचे तेच 300, विहीरमालक आता 300 मागतो. झाले 2,000. खर्च 850 रुपयांनी वाढला. त्यातला पाण्याच्या भावाचा वाटा 150, अंतराचा शून्य, आणि उरलेले 700 नुसत्या उभं राहण्याचे.

हे उभं राहणं मी पाहिलेलं आहे. ते दोन वाक्यांत सांगून पुढे जायचं ठरवलं होतं, पण आता सांगतोच. पुण्याच्या पूर्वेला एका भरायच्या पॉइंटवर एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मी टँकरच्या केबिनमध्ये बसलो होतो. पुढे गाड्यांची ओळ. पाइप टाकीत सोडलेला, मोटर चालू, थोड्या वेळाने आवाज बदलायचा. मोटर हवा ओढायला लागली की विहिरीवरचा माणूस बटण बंद करायचा आणि ओरडायचा, "पाणी येऊ द्या!" मग सगळे खाली बसायचे. झरा भरेपर्यंत काही करता येत नाही. ड्रायव्हरदादांना विचारलं, "एवढा वेळ काय करता?" म्हणाले, "झोपतो साहेब. गाडी झोपली तरी बँकेचा हप्ता जागाच असतो." (हशा.)

गाडी भरली, आम्ही सोसायटीत पोचलो. सेक्रेटरी गेटवरच उभे. "पाच किलोमीटरचे दोन हजार? डिसेंबरमध्ये बाराशे घेत होता. अंतर वाढलं का?" अंतर वाढलं नव्हतं हे खरंच. ड्रायव्हरदादांकडे उत्तर होतं, पण कागद नव्हता. त्यांनी मालकाला फोन लावला, मालक म्हणाला, "सीझन आहे." आता सीझन म्हणजे नेमकं काय? सेक्रेटरींना ती लूट वाटली, आणि त्यांच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. शेवटी पंधराशेवर तोडगा निघाला.

गोष्ट इथे संपत नाही. पाणी सोडायच्या आधी सेक्रेटरींनी जमिनीखालच्या टाकीत काठी बुडवून खूण केली. टाकी 4 मीटर लांब, अडीच मीटर रुंद, म्हणजे तळ 10 चौरस मीटरचा. 10 हजार लिटर पडले तर पाणी बरोबर 1 मीटर चढायला हवं. गाडी रिकामी झाल्यावर पुन्हा काठी बुडवली. चढलं होतं 84 सेंटीमीटर. भरताना विहीर आटत आली होती, मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या, तेव्हा झाकणाच्या गळ्यापर्यंत पाणी येण्याआधीच पाइप काढला होता. मी शेजारी बसलो होतो, मला ते कळलं नव्हतं. काठीला कळलं. रांगेची घाई झाली की माप उतरतं, हे मी त्या गेटवर शिकलो. खेपेला पैसे द्यायचे असतील तर काठी हवीच. टाकीची लांबी-रुंदी मीटरमध्ये गुणा, पाणी किती मीटर चढलं त्याने गुणा, हजाराने गुणा, लिटर हातात येतात. फक्त पाणी पडत असताना वर चढवायचा पंप बंद ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो.

(मागून आवाज : "म्हणजे तुम्ही टँकरवाल्यांची वकिली करताय!")

नाही, अजिबात नाही. हा आक्षेप येणार हे मला माहीत होतं आणि त्याचं उत्तर नीट दिलंच पाहिजे. आज "सीझन" सुरू झाला की दर चढतो. तो उतरतो कधी? जूनअखेर पाऊस पडतो, विहिरीला पाणी येतं, रांग संपते, गाडी पुन्हा अर्ध्या तासात भरते, आणि दर तसाच राहतो. दर घड्याळाला बांधला तर तो उतरवावाच लागतो. वेळेचा हिशेब ग्राहकाला मालकाइतकाच उपयोगी आहे तो याचसाठी.

दर कॅलेंडरला बांधला तरी तीच अडचण. आपल्याकडे सरकारचा टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत बनतो. नियोजनाला ते ठीक आहे. पण खेपेचा दर महिन्यावर ठरवला तर बेंगळुरूसारखा फेब्रुवारी हातातून निसटतो आणि पावसाळा चांगला झालेल्या वर्षी एप्रिलमध्ये उगाच जास्त पैसे जातात.

मग अंतराचे टप्पे काढून टाकायचे का? नाही. पण ते खऱ्या खर्चाला धरून हवेत. आपल्या हिशेबात अडीच किलोमीटरवरची सोसायटी आणि साडेसात किलोमीटरवरची सोसायटी यांत जाऊन-येऊन 10 किलोमीटरचा आणि साधारण 35 मिनिटांचा फरक आहे. 300 अधिक 245, म्हणजे 545 रुपये. तक्त्यात दोन टप्प्यांत 200 चाच फरक ठेवला तर मालक लांब कशाला जाईल? तो जवळच्या सोसायटीला दोन खेपा टाकील आणि लांबच्याला सांगेल, "आज गाडी नाही." असा स्वस्त टप्पा कागदावरच राहतो. दुसरं, अंतर मोजायचं ते गाडी जिथे भरते तिथपासून, मालकाच्या ऑफिसपासून नाही. जवळची विहीर आटली की गाडी लांब जाते, आणि नेमकं हेच पावतीवर दिसत नाही.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं? पाच? बरं. मग भूजलाच्या परवानग्यांचा भाग सोडतो. पाण्याच्या शुद्धतेवर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. पण एक गोष्ट सोडणार नाही.

तुम्ही म्हणाल, मालक मुद्दाम आटलेल्या विहिरीवर गाडी उभी करील आणि मिनिटं लावील. करू शकतो. त्याला लगाम हिशेबातच आहे. समजा 12 किलोमीटरवर भरपूर पाण्याची विहीर आहे, रांग नाही. भरायला 30 मिनिटं, प्रवास दोन्ही बाजूंचा 85, सोडायला 25, गेट 10. झाली 150 मिनिटं, म्हणजे 1,050 रुपये. 24 किलोमीटरचे 720, पाण्याचे 200. एकूण 1,970. जवळच्या विहिरीवर ताटकळत उभं राहण्याइतकाच खर्च! म्हणून करारात लिहा, की थांबण्याचा आकार कितीही झाला तरी खेपेचा खर्च रांग नसलेल्या पुढच्या विहिरीवरून येणाऱ्या खेपेपेक्षा जास्त धरला जाणार नाही. इथे कमाल मर्यादा हवेतून आणायची गरज पडत नाही, रस्त्यावरच सापडते.

तर दरपत्रक असं. पहिली ओळ अंतराची, भरायच्या जागेपासून 5, 10 आणि 15 किलोमीटर, मालकाचा ठरलेला नफा धरून. दुसरी ओळ थांबण्याची. भरायला पहिला अर्धा तास दरातच धरलेला, पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला 210 रुपये, सात गुणिले तीस. रिक्षाच्या मीटरला वेटिंग असतं, त्यावर आपण कधी भांडत नाही. तिसरी ओळ विहीरमालकाला दिलेल्या पैशांची, वेगळी आणि उघड. पॉइंटवर एक वही ठेवायची, गाडी आली किती वाजता, भरून निघाली किती वाजता. मागच्या आठवड्याची सरासरी हा पुढच्या आठवड्याचा आकार. म्हणजे गेटवर रोज घासाघीस नाही, आणि दर आठवड्याला वर जातो तसा खालीही येतो.

हे नवं आहे असं समजू नका. टंचाईग्रस्त गावांना सरकार भाड्याने टँकर लावतं तेव्हा भाडं टाकीच्या क्षमतेप्रमाणे दिवसाचं आणि वर किलोमीटरचं वेगळं, असंच देतं. गाडीवर जीपीएस लागतो. गावाला जे तत्त्व लावलं ते शहरातल्या सोसायटीला लावता येतं.

(घंटा.) संपवतोच. एक विनंती, विशेषतः सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींना. हा करार मे महिन्यात करायला जाऊ नका. त्या वेळी गरज तुमची असते आणि बोलतो फक्त मालक. ऑक्टोबरमध्ये, विहिरी भरलेल्या असताना आणि मालकाच्या गाड्या रिकाम्या उभ्या असताना बसा. वही ठेवायची अट घाला, काठीची अट घाला, आणि अर्ध्या तासाला किती रुपये हा आकडा दोघांच्या सहीने कागदावर आणा. खाली दाराशी या हिशेबाच्या प्रती ठेवल्या आहेत. त्यात माझे आकडे खोडून तुमचे भरा. आता प्रश्न घ्यायला वेळ नाही असं अध्यक्ष म्हणतात, पण मी बाहेर पायरीवर थांबतो. टँकरमालक कुणी असतील तर त्यांनी आधी यावं.

(टाळ्या.)