'ओके चाचा, बघू' : भाडेवाढीच्या गप्पांतून पत्र कसं तयार झालं

(तरुण व्यावसायिकांसाठीच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, वकील नाही. आज सांगणार आहे ती गोष्ट एका पत्राची. पुण्यात आम्ही तीन मित्र मिळून एक छोटं ऑफिस चालवतो. गेल्या वर्षी भाडेवाढीवरून जागामालकांशी आमचं बिनसता बिनसता राहिलं. ते आमच्याच मोहल्ल्यातले, वडिलांच्या वयाचे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. भाऊबंदकीतला व्यवहार असला की लिहायला लाज वाटते, आणि घोळ तिथेच होतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला चाचांचा व्हॉइस मेसेज आला. "बेटा, बिल्डिंगचा खर्च फार वाढलाय. एक नोव्हेंबरपासून सत्तावीस हजार द्या." आमच्यातल्या एकाने लगेच उत्तर टाकलं : "ओके चाचा, बघू." आणि खाली अंगठा.

मग आमच्या तिघांच्या ग्रुपवर गप्पा सुरू झाल्या. त्या वाचून दाखवतो.

"सत्तावीस? वेडे झालेत का!"
"समोरच्या बिल्डिंगमध्ये अठरात मिळतंय म्हणे."
"कायद्याने चार टक्क्यांच्या वर वाढवताच येत नाही."
"दोन पावसाळे भिंत गळतेय, ती आधी दुरुस्त करा म्हणावं."
"अ‍ॅग्रीमेंटमध्ये पाच टक्के लिहिलंय ना?"
"आपण इतके जुने भाडेकरू, थोडी तरी लाज?"
"जाऊ दे, पंचवीस देऊन मोकळे होऊ."

सात वाक्यं. यातलं एकच पत्रात जाण्याच्या लायकीचं होतं : अ‍ॅग्रीमेंटमध्ये पाच टक्के लिहिलंय. बाकी सहा का गळाली ते सांगतो, कारण पत्र लिहिणं म्हणजे बरंचसं हे गाळणंच आहे.

पण त्याआधी करार उघडला. व्यवसायाची जागा आपल्याकडे बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स करारावर मिळते, आणि असा करार लेखी व नोंदणी केलेला असावा असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागामालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल जागा घेणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, समोरच्याने उलट सिद्ध करेपर्यंत. आमचा करार नोंदलेला होता, त्यामुळे वाद तोंडी शब्दांवर जाणारच नव्हता.

करारात मी चार गोष्टी शोधल्या. पहिली मुदत : १ जून २०२३ ते ३१ मे २०२६. दुसरी वाढीचं कलम : दर बारा महिन्यांनी ५ टक्के. तिसरी, मुदतीच्या मध्ये मालकाला दर बदलता येईल असं एखादं वाक्य आहे का? नव्हतं. चौथी नोटीस : पहिल्या वर्षानंतर कोणत्याही बाजूने दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येतो.

ही चौथी गोष्ट नीट ऐका. तरुण मुलं दराचं कलम वाचतात, खूश होतात आणि कडक मेसेज पाठवतात. पण चाचा आमचं भाडं एकतर्फी वाढवू शकत नसले, तरी दोन महिन्यांची नोटीस देऊन आम्हाला जागा रिकामी करायला सांगू शकत होते. म्हणजे आमची बाजू भाड्यावर भक्कम होती आणि मुक्कामावर कच्ची. पत्र ठाम हवं हे पहिल्या गोष्टीमुळे, आणि नम्र हवं हे दुसऱ्या गोष्टीमुळे. नुसत्या संस्कारापोटी नव्हे.

मग हिशोब. पहिल्या वर्षी भाडं २०,०००. दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढून २१,०००. तिसऱ्या वर्षी, म्हणजे जून २०२५ पासून, २२,०५०. मागणी २७,००० ची. फरक दरमहा ४,९५०, म्हणजे साधारण साडेबावीस टक्के. नोव्हेंबर ते मे सात महिने धरले तर ३४,६५० रुपये. हा आकडा समोर आल्यावर 'पंचवीस देऊन मोकळे होऊ' म्हणणारा मित्र गप्प झाला. शिवाय मधेच २५,००० दिले असते तर पुढच्या कराराची बोलणी तिथूनच सुरू झाली असती.

आता गाळलेली वाक्यं. 'वेडे झालेत' आणि 'लाज' हा राग झाला, त्याला उत्तर देता येत नाही, फक्त राग परत येतो. 'अठरात मिळतंय म्हणे' यातला 'म्हणे' बघा. मजला, क्षेत्रफळ, लिफ्ट काहीच माहीत नाही. चाचा म्हणाले असते, मग तिकडेच जा. चार टक्क्यांचं वाक्य सगळ्यात धोक्याचं, कारण ते कायद्यासारखं ऐकू येतं. वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद त्याच कायद्यात आहे, पण ती संरक्षित भाडेकरूंसाठी. लिव्ह अँड लायसन्समध्ये दर करारातून ठरतो. हे वाक्य पत्रात गेलं असतं तर चाचांच्या वकिलाने तेवढंच खोडलं असतं, आणि सोबत आमचं खरं म्हणणंही हलकं झालं असतं. शिवाय आमचा करारच पाच टक्क्यांचा!

भिंतीची गळती खरी होती. तरी ती काढली. एका पत्रात दोन विषय असले की समोरचा सोप्या विषयाला उत्तर देतो. "पेंटर पाठवतो" म्हटलं की झालं, भाड्याचं राहून जातं. गळतीचं वेगळं पत्र आम्ही महिन्याभराने फोटोंसह दिलं.

राहिलं ते चाचांना गेलेलं 'ओके चाचा, बघू'. आमच्या मनात तो होकार नव्हता. मोठ्या माणसाला आपण असंच उत्तर देतो. पण दोन दिवसांनी मशिदीबाहेर चाचा भेटले आणि म्हणाले, "तुमच्या मुलाने ओके केलंय ना!" करारातली अट दोघांच्या संमतीने बदलता येते, आणि मेसेज हा त्या संमतीचा पुरावा म्हणून दाखवला जाऊ शकतो. त्यात नवीन दराने एक जरी महिना पैसे गेले असते तर आमचं म्हणणं फार कमजोर झालं असतं. त्यामुळे तो मेसेज लपवून चालणार नव्हतं. पत्रातच त्याचं नाव घेऊन तो दुरुस्त करायला हवा होता.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं. नावं आणि पत्ता वगळून वाचतो.

"दिनांक : १८ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. … साहेब यांस

विषय : १ जून २०२३ च्या लिव्ह अँड लायसन्स करारानुसार ऑफिसचे मासिक भाडे

अस्सलामु अलैकुम.

आपण १४ ऑक्टोबरच्या व्हॉइस मेसेजमध्ये १ नोव्हेंबरपासून दरमहा २७,००० रुपये भाडे मागितले आहे.

आपल्यातील नोंदणीकृत करार ३१ मे २०२६ पर्यंत आहे. त्यानुसार भाडे दर बारा महिन्यांनी ५ टक्क्यांनी वाढते. १ जून २०२५ पासून ते २२,०५० रुपये झाले असून आम्ही ते दरमहा ५ तारखेच्या आत बँकेतून भरत आहोत. मुदतीच्या मध्ये याहून अधिक वाढीची तरतूद करारात नाही. म्हणून ३१ मे २०२६ पर्यंत आम्ही दरमहा २२,०५० रुपये भरू.

१४ ऑक्टोबरला आमच्यापैकी एकाने 'ओके चाचा, बघू' असा मेसेज केला होता. ती आपला निरोप मिळाल्याची पोच होती, वाढीला संमती नव्हती. त्यावरून गैरसमज झाला असल्यास आम्ही दिलगीर आहोत.

इमारतीचा खर्च वाढल्याचे आपण सांगितले, ते आम्ही समजू शकतो. ही जागा पुढेही ठेवण्याची आमची इच्छा आहे. १ जून २०२६ पासून ३६ महिन्यांचा नवीन करार झाल्यास पहिल्या वर्षी दरमहा २४,००० रुपये देण्यास आम्ही तयार आहोत.

याबाबत आपले म्हणणे ३१ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावे ही विनंती. आपल्या सोयीच्या वेळी आम्ही भेटायलाही येऊ.

कळावे,
आपले विश्वासू"

खाली तिघांच्या सह्या.

यात दोन जागा दाखवतो. 'भरू' हा शब्द पहिल्या मसुद्यात 'भरू इच्छितो' असा होता. इच्छा म्हटली की समोरचा नाही म्हणू शकतो. करारात ठरलेलं आहे तिथे इच्छा नको, सरळ क्रियापद हवं. उलट २४,००० च्या वाक्यात 'झाल्यास' मुद्दाम आहे. ती ऑफर आहे, नवीन करार झाला तरच लागू. ती वेगळ्या परिच्छेदात आहे, नाहीतर "आत्तापासूनच चोवीस द्या" असं ऐकायला मिळालं असतं.

आणि बघा, कोर्ट, वकील, नोटीस यातला एकही शब्द पत्रात नाही. नोटिशीचं कलम ज्याच्या बाजूनेही चालतं, त्याला आपणच त्याची आठवण का करून द्यायची?

पत्र पोचवताना दोन प्रती काढल्या. एकाने घरी जाऊन एक प्रत दिली, चहा घेतला, आणि दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले', तारीख आणि सही घेतली. सही द्यायला कोणी तयार नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त फोटो टाकला, सोबत एक ओळ : पत्र घरी दिलंय. त्यानंतर भाड्याबद्दल ग्रुपवर किंवा फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी एका ओळीत लिहून पाठवायचं, असा नियम केला. आणि ३ नोव्हेंबरला २२,०५० रुपये बँकेतून भरले, शेऱ्यात 'नोव्हेंबर २०२५ भाडे, करारानुसार' लिहून.

चाचांनी लेखी उत्तर दिलं नाही. आठ दिवसांनी फोन आला. आवाज थोडा ताठ होता. म्हणाले, "कागद लिहायची काय गरज होती, घरचीच माणसं ना आपण?" मित्र म्हणाला, "चाचा, घरचे म्हणूनच लिहिलं, उद्या आपल्यात शब्दावरून वाद नको." मग ते नवीन कराराच्या आकड्यावर आले. त्यांनी २५,००० म्हटलं. दोन भेटींनंतर २४,५०० वर ठरलं. मेपर्यंत भाडं २२,०५० च राहिलं. नवीन करार १ जूनपासून नोंदवला.

त्या करारात आम्ही एक वाक्य वाढवून घेतलं : भाड्यातला कोणताही बदल दोन्ही बाजूंच्या सहीच्या लेखी कागदाशिवाय लागू होणार नाही. चाचांनी ते वाचलं, हसले आणि आमच्या अंगठावाल्या मित्राकडे बघून म्हणाले, "हे तुझ्यासाठी आहे."