डिस्चार्जच्या कागदावर न उतरलेले वजन

(पुण्यात मंडईजवळ झालेल्या कार्यकर्ते व हितचिंतकांच्या सभेतील भाषण)



इथे येताना मी मंडईतून चालत आले. एक बाई करवंदं घेत होती. काटा जरा हलताच तिने विक्रेत्याला पुन्हा तोलायला लावलं. पावशेर करवंदांसाठी! मला ते आवडलं, कारण आज मला एका मुलीच्या वजनाबद्दलच बोलायचं आहे. ते नीट तोललं गेलं, नीट लिहिलंही गेलं, पण जो कागद तिच्याबरोबर घरी गेला त्यावर मात्र ते उतरलं नाही.

मुलगी वेल्ह्याकडच्या एका कातकरी वाडीतली, चौदा महिन्यांची. तिचं नाव आणि रुग्णालयाचं नाव मी सांगणार नाही. न्यूमोनिया झाला म्हणून तिला दाखल केलं. दाखल करताना वजन ६ किलो, लांबी ७० सेंटिमीटर, दंडाचा घेर ११.२ सेंटिमीटर, पायांवर सूज नाही. ही सगळी माहिती वॉर्डातल्या सिस्टरने रोजच्या तक्त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिली होती. ती मी स्वतः पाहिली आहे.

आता या आकड्यांचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ७० सेंटिमीटर लांबीच्या मुलीचं मध्यम वजन ८.२ किलो आहे. ६.९ च्या खाली आली की मध्यम तीव्र कुपोषण आणि ६.३ च्या खाली गेली की अतितीव्र. अंगणवाडीत यांनाच मॅम आणि सॅम म्हणतात. दंडाचा घेर ११.५ पेक्षा कमी असेल तर तेवढ्यावरूनही सहा महिने ते पाच वर्षांचं मूल सॅममध्ये धरतात. म्हणजे आपली मुलगी दोन्ही मापांनी अतितीव्र कुपोषित होती. यात दुमत व्हायला जागाच नाही.

दोन आठवड्यांनी ती घरी गेली. डिस्चार्जच्या कागदावर निदान होतं, "न्यूमोनिया. कुपोषण." आणि खाली, "प्रकृती सुधारली. वजन ६.७ किलो."

त्या कागदावर खोटं काहीच नव्हतं, पण "कुपोषण" या एका शब्दापुढे तीव्रता लिहिलेली नव्हती. नोंद विभागात बसणारा माणूस निदानाला आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड लावतो. तो डॉक्टर नसतो. वजनाचा आकडा बघून "ही अतितीव्र" असं ठरवण्याचा त्याला अधिकार नाही. डॉक्टरांनी जो शब्द लिहिला, त्याचाच कोड तो लावतो. नुसतं "कुपोषण" म्हटलं की E46, म्हणजे प्रकार आणि तीव्रता न सांगितलेलं कुपोषण. "अतितीव्र" लिहिलं असतं तर E43 आला असता. "सुकटी" म्हणजे मरॅस्मस लिहिलं असतं तर E41. सूज असती तर E40 किंवा E42. मध्यम असेल तर E44.0. तक्त्यावरच्या मुलीला E46 मिळाला आणि नोंदीच्या कपाटात ती सर्वसाधारण कुपोषितांच्या ढिगात गेली.

आता दुसरी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. कागदावर वजन फक्त जातानाचं होतं. ७० सेंटिमीटर लांबीला ६.७ किलो हे ६.३ आणि ६.९ च्या मध्ये बसतं, म्हणजे मध्यम. अंगणवाडीताईंनी तो कागद बघून तिला मॅममध्ये धरलं. त्यांचं काय चुकलं? हातातल्या कागदावरून दुसरं काही समजतच नव्हतं. पण दोन आठवड्यांपूर्वी अतितीव्र असलेलं आणि नुकतंच वर आलेलं मूल म्हणजे नुसतं मध्यम मूल नव्हे. पाऊस सुरू झाला, आई आवणीला गेली, पोरीला पुन्हा हगवण लागली. दोन महिन्यांत तिचं वजन ६.१ वर आलं. आम्ही तिला पुन्हा नेलं तेव्हा नव्या डॉक्टरांनी जुना कागद पाहून विचारलं, "हिला आधी साधं कुपोषण होतं ना?" जुना तक्ता शोधून काढायला आम्हाला दीड दिवस लागला.

या दुसऱ्या वेळी मात्र डॉक्टरांनी सविस्तर लिहिलं. ते लिखाण मी माझ्या वहीत उतरवून घेतलं: "अतितीव्र कुपोषण, सुकटी प्रकार. दाखल होताना वजन ६.१, लांबी ७०.५, दंडघेर ११.३, सूज नाही. सोबत हगवण. उपचारात्मक आहार दिला. डिस्चार्जच्या वेळी वजन ६.९." पाचसहा ओळींचं काम. यात शब्द आहे, ज्या मापांवरून तो शब्द आला ती मापं आहेत, आणि उपचारही आहे. पुढे कोणी विचारलं की अतितीव्र कशावरून, तर उत्तर कागदावरच आहे.

काही कागदांवर अजून "ग्रेड तीन" असं लिहिलेलं दिसतं. ती जुनी पद्धत वयाच्या मानाने वजन मोजते. मूल मुळात खुजं आहे की अंगाने वाळलं आहे, हे तिच्यातून कळत नाही. खुजेपणा वर्षानुवर्षांच्या उपासमारीतून येतो, वाळणं काही आठवड्यांत होतं आणि त्यातच जीव जायची भीती जास्त असते. म्हणून लांबी मोजायला हवीच. उलट बाजूही सांगते. अंगाला सूज असलेलं मूल काट्यावर चांगलं भरतं, कारण त्यात पाण्याचं वजन असतं. दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून खळगा राहिला तर वजन काहीही असो, ते मूल अतितीव्रच. आणि जुलाबाने सुकून आलेल्या मुलाचं पहिलं वजन खरं नसतं. पाणी भरून निघाल्यावर पुन्हा तोलावं लागतं. नाहीतर आपण मध्यम मुलाला उगाच अतितीव्र ठरवू, आणि ती नोंदही तितकीच चुकीची.

कोणी म्हणेल, कागदावरच्या एका शब्दासाठी एवढं काय? आपल्या राज्याला याचा अनुभव आहे. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोवळी पानगळ' या अहवालात दाखवून दिलं की महाराष्ट्रातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदींत आलेलेच नव्हते. मेळघाटातल्या बालमृत्यूंचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तिथेही पोरं कुपोषणाने जातात की आजाराने, हा वाद पुनःपुन्हा येतो. आमच्या मुलीला पहिल्या वेळी काही झालं असतं, तर कागद न्यूमोनियाच म्हणाला असता. खरं तर न्यूमोनिया होताच. पण त्याच्याशी लढायला तिच्या अंगात काय उरलं होतं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आमच्या कार्यकर्त्या आता वॉर्ड सोडण्याआधी आईबरोबर बसून कागद वाचतात. निदानापुढे तीव्रतेचा शब्द आहे का, दाखल होतानाचं वजन आणि लांबी आहे का, दंडघेर आणि सूज लिहिली आहे का, एवढंच बघतात. नसेल तर सिस्टरकडे तक्ता मागतात आणि डॉक्टरांना विनंती करतात, "साहेब, हे वर घ्याल का?" निदान सुचवत नाहीत. ते आमचं काम नाही. बहुतेक डॉक्टर लगेच लिहून देतात. एक मात्र चिडले आणि म्हणाले, "तुम्ही मला शिकवणार?" आम्ही गप्प बसलो, पण तक्त्याचा फोटो आईच्या परवानगीने काढून अंगणवाडीताईंना दिला.

ती मुलगी आता अडीच वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिचं वजन ९.८ किलो भरलं. ताईंनी ते माझ्यासमोर दोनदा तोललं.